ऐंशी सेंटिमीटरची रेघ

वहिनी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्याविषयी लिहायला बसले की आधी तिचा चेहरा येत नाही, आकडे येतात. उंची एकशे पन्नास, वजन चोपन्न, कंबर शहाऐंशी. माणूस असा आकड्यांनी आठवणं ही माझी डॉक्टरकीची सवय नव्हे. आमच्या घरानं तिला शेवटी आकडाच करून टाकलं होतं.

बीडच्या जुन्या बाजारात आमचं कापडाचं दुकान. खाली दुकान, वर घर. वडील लवकर वारले आणि दादा गादीवर बसला. वहिनी तलवाड्याहून लग्न होऊन आली तेव्हा मी दोन वेण्यांची शाळकरी पोर होते. त्या वेण्या पुढं दहावीपर्यंत तिनंच घातल्या. मी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसले की ती कुणाला मला हाक मारू द्यायची नाही. "वाचू द्या तिला, तेवढी एकच गप हाय घरात," म्हणायची. ती स्वतः सगळ्यांच्या शेवटी जेवायची. तव्यावर उरलेली भाकरी, भांड्याच्या तळाचं कालवण. सकाळी आंघोळ, मग आम्हा लिंगायतांच्या रीतीनं हातावर इष्टलिंग घेऊन पूजा, आणि पूजेशिवाय पाण्याचा घोटसुद्धा नाही.

मी औरंगाबादला शिकून फिजिशियन झाले आणि परत बीडलाच एका ट्रस्टच्या दवाखान्यात रुजू झाले. लग्न केलं नाही. दवाखान्याजवळ दोन खोल्या घेतल्या. नवं शतक लागून काही वर्षं झाली होती. आमच्या दुकानासमोर रेडीमेड कपड्यांची दोन दुकानं उघडली होती, घरोघरी केबल आली होती, आणि माझ्या ओपीडीत बारीक हातापायांची, पुढं पोट आलेली माणसं रोज येत होती.

ओपीडीच्या भिंतीवर एका औषध कंपनीनं दिलेला तक्ता होता. बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, पंचवीसच्या आत असेल तर हिरवा रंग. पंचवीस ते तीस पिवळा, तीसच्या पुढं लाल. कंबर पुरुषांची एकशे दोन सेंटिमीटर, बायकांची अठ्ठ्याऐंशी. तक्त्यावर चित्रं गोऱ्या माणसांची होती आणि आकडेही त्यांचेच. माझ्यासमोर हिरव्या रंगातला व्यापारी बसायचा आणि त्याची साखर लाल असायची. आपल्याकडच्या माणसाच्या अंगात त्याच बीएमआयला चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, आणि ती चरबी पोटाभोवती जमते. मधुमेह आणि हृदयविकार कमी आकड्यावरच गाठतात. आशियाई लोकांसाठी निराळे आकडे सुचवले गेले होते. मी ते घेतले: तेवीसपासून जास्त वजन, पंचवीसपासून लठ्ठपणा, कंबर पुरुषांची नव्वद, बायकांची ऐंशी.

नुसते घेतले नाहीत. केसपेपरवर प्रत्येक वेळी दोन-तीन ओळींत लिहायचे, की कोणते आकडे लावले, का लावले, माप कुठं घेतलं. आमचे मोठे डॉक्टर वैतागायचे. "अहो बाई, निबंध कशाला लिहिता? आकडा लिहा, सही करा."

"सर, उद्या हा पेशंट तुमच्यासमोर आला तर तुम्ही तक्ता बघून नॉर्मल म्हणाल, आणि मी जास्त म्हटलेलं असेल. मग कोण बरोबर हे त्यानं कसं ठरवायचं?"

"तो कशाला ठरवतो? तो पानटपरीवर विचारतो."

व्यापाऱ्यांच्या मंडळानं मठाच्या हॉलमध्ये तपासणी शिबिर भरवलं. अध्यक्ष दादा, तपासणारी मी. तासाभरात गडबड झाली. माझ्या आकड्यांनी निम्म्याहून जास्त मंडळ लठ्ठ निघालं.

दादा टेबलाशी आला. पांढरा सदरा, खाली पँट, पट्टा पोटाच्या खाली. "डॉक्टरीणबाई, शिबिर भरवलंय का पंचायत? ह्यो बघा, ह्यो किराणावाला. वाऱ्यानं उडंल असा हाय. ह्याला लठ्ठ लिवलंय तुमी."

"हात बघू नको दादा, पोट बघ."

"पोट तर समद्यांलाच हाय बे!" तो मागं वळून म्हणाला आणि हॉल हसला. "बरं, माझं घ्या."

वजन शहात्तर, उंची एकशे अडुसष्ट. बीएमआय सत्तावीसच्या जवळ. कंबर मोजायला मी टेप पुढं केली तेव्हा त्यानं सदरा वर करून चांदीच्या करदोड्यावर बोट ठेवलं. "कंबर ही. करदोडा जिथं बसतो ती कंबर." आमच्याकडचा प्रत्येक पुरुष हेच सांगायचा. करदोडा पोटाच्या खाली घसरलेला असतो, शिंपीही पँटचं माप तिथंच घेतो. तिथं टेप एकोणनव्वद आली. मी शेवटची बरगडी चाचपली, कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपला, दोहोंच्या मधोमध टेप धरली आणि श्वास सोडायला सांगितलं. नव्याण्णव.

"कशाचे नव्याण्णव? आत्ता एकोणनव्वद आलते."

"ते करदोड्याचं माप होतं, दादा. कंबरेचं हे."

त्यानं कागद उचलून दवाखान्यातल्या तक्त्याचे आकडे विचारले. कुणीतरी एकशे दोन सांगितलं. "मग? एकशे दोनच्या आत हाय मी. जगात चालतंय ते बीडात कावून चालत न्हाई?" हॉल पुन्हा हसला. दादा खूश झाला आणि बायकांच्या रांगेकडं हात करून ओरडला, "अगं ए, ये इकडं. हिची मोजा. घरात बसून खाती दिसभर."

वहिनी पुढं आली. पडद्याआड मी तिच्या परकराची नाडी सैल करून माप घेतलं. तिला गुदगुल्या झाल्या, ती तोंडावर पदर घेऊन हसली. "ताई, शिंपीण झालीस का गं?" कंबर शहाऐंशी, बीएमआय चोवीस. भिंतीवरच्या तक्त्यात ती दोन्हीकडून हिरवी होती. त्या तक्त्यावर विसंबले असते तर तिला घरी पाठवलं असतं. माझ्या आकड्यांत ती दोन्हीकडून रेघेबाहेर होती, म्हणून मी तिची साखर तपासायला लावली. उपाशीपोटी, दोन निरनिराळ्या दिवशी. दोन्ही वेळा मधुमेह निघाला. पायाच्या अंगठ्याजवळ न भरणारी जखम होती. तिला वाटत होतं चप्पल लागली.

मी केसपेपर लिहिला. दवाखान्यासाठी इंग्रजीत, आणि तिला घरी नेता यावा म्हणून एक मराठीत. त्यात लिहिलं की हे आकडे भारतीय प्रौढांसाठीचे आहेत आणि ते का निवडले. सौम्य गोळी दिली, रोज चालायला सांगितलं, वजन वर्षभरात दोन-तीन किलो उतरलं तरी पुष्कळ, जेवण चुकवायचं नाही. दोन महिन्यांत तिची जखम भरली. तिचा चेहरा उजळला. हे इथं थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

पण दादाला त्या कागदातला एकच शब्द सापडला, ऐंशी.

गणपतीच्या आसपास मी घरी गेले तर दादा गादीवरून वर येऊन जेवायला बसला होता, आणि त्याच्या गळ्यात दुकानातली कापडाची टेप होती. वहिनी वाढून झाल्यावर त्यानं तिला उभं केलं. त्यांचा मुलगा, सून, मी, सगळ्यांसमोर त्यानं साडीवरूनच, परकराच्या गाठीवरून टेप ओढली.

"चौऱ्याऐंशी. अजून चार गज जादा हाय कापड," तो म्हणाला. सून तोंड फिरवून हसली. "आज भात न्हाई ऐंशीला."

"ऐंशी कोण?" मी विचारलं.

"ही. नाव ठिवलंय. तूच ठिवलंस की, कागदावर लिहून."

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं नाही. मी म्हणाले, "दादा, गाठीवरून मोजतोस, साडीवरून मोजतोस, जेवण झाल्यावर मोजतोस. हे माप नव्हे. आणि ऐंशी म्हणजे तिथंवर पोचायचं असं नसतं. कुणाची साखर तपासायची हे ठरवायला ती रेघ आहे. तपासली. तिचं काम झालं."

"मग माझी कावून तपासत न्हाईस?"

"तपासू दे की. कधीपासून म्हणतेय."

"मला एकशे दोन. ते भाएरच्या देशाचं माप हाय, पुरुषाला बरं हाय ते." तो हात धुवायला उठला. "बाईला देशी."

मी जिथं अडकले ते हे ठिकाण. भिंतीवरचा तक्ता चुकीचा होता आणि माझे आकडे बरोबर होते, याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण त्या घरात आकडे निवडण्याची मुभा दादाला होती. त्यानं स्वतःसाठी परदेशी निवडले आणि बायकोसाठी भारतीय, आणि दोन्हींतून भाकरी तिचीच कमी झाली.

मग त्याला घाई झाली. माझी गोळी मिळमिळीत वाटली म्हणून तो तिला त्याच्यासोबत पत्ते खेळणाऱ्या मित्राकडं घेऊन गेला, तोही डॉक्टर. त्यानं साखर झपाट्यानं खाली आणणारी गोळी चालू केली. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, आपलं काम करते. ती घेऊन जेवलं नाही तर साखर धोक्याइतकी उतरते. मला कळलं ते महिन्यानं, वहिनी दुपारी एकटीच माझ्या खोलीवर आली तेव्हा. जिना चढून येईतो तिचा ब्लाउज घामानं भिजला होता, हात थरथरत होते, आणि ती माझ्या नावाऐवजी तिच्या आईला हाक मारत होती. मी बोटातून रक्त काढून मशीनवर साखर पाहिली, अठ्ठेचाळीस. साखरेचं पाणी पाजलं, मग बिस्किटं. दहा-पंधरा मिनिटांनी ती भानावर आली आणि पहिल्यांदा डब्याकडं बोट करून म्हणाली, "अजून एक देतीस का गं?"

मी डबा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं सगळी खाल्ली. मी लहान असताना परीक्षेच्या दिवसांत तिनं मला जसं खाताना पाहिलं होतं, तशी मी तिच्याकडं पाहत बसले.

"रोज असं होतं?"

"रोज न्हाई. सकाळी ते गोळी देतेत हातानं. मग पूजा. मग समद्यांचं व्हईस्तोवर अकरा वाजत्यात. रातचं मोजून जास्त आलं तर सकाळचं न्हाई." ती अगदी साध्या आवाजात सांगत होती, धुणं-भांडी सांगावीत तसं. "सूनबाई म्हणती नाटक करतेत. हात कापतेत त्याचं बी नाटक."

मी तिला तोलून पाहिलं. पंचेचाळीस किलो. टेप बरगडी आणि हाडाच्या मध्ये धरली, अठ्ठ्याहत्तर. बीएमआय वीसवर आलेला. मी नवा कागद घेतला आणि मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलं: कंबरेची ऐंशी ही रेघ भारतीय स्त्रियांत धोका कुठून वाढतो ते ओळखण्यासाठी निवडली आहे. ती तपासणीची रेघ आहे, जेवणाची नव्हे. माप उभं राहून, श्वास सोडल्यावर, उघड्या अंगावर, बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध घ्यायचं. गाठीवरचं, कपड्यावरचं, जेवल्यानंतरचं माप धरायचं नाही. या बाईंचं वजन आता आणखी उतरवायचं नाही. बीएमआय साडेअठरापेक्षा खाली जाणं हाही आजारच. जोराची गोळी आजपासून बंद. मागची सौम्य गोळी पूजा झाल्यावर, ताट समोर आल्यावरच.

कागद घेऊन मीच तिच्यासोबत दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं. दादानं कागद हातात घेतला आणि त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायला लागला, शाळेतल्या पोरासारखा हेल काढून. "उघड्या अंगावर!" तो थांबला. "ऐका. माझी बहीण काय लिहून देती ऐका. उघड्या अंगावर, श्वास सोडल्यावर." गिऱ्हाइकातला एक जण खिदळला. वहिनी जिन्यात उभी होती, तिनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला.

"पुढं वाच," मी म्हणाले. "गोळीचं वाच."

"डॉक्टर बदलला की आकडा बदलतो, गोळी बदलती. तू मागं म्हणलीस चोपन्न जास्त. आता म्हणतीस पंचेचाळीस कमी. एकदा ठरवून ये."

"दोन्ही खरं आहे, दादा."

"दुकानात असं चालत न्हाई. मीटर म्हंजी मीटर."

"मग ती माझ्याकडं राहू दे. महिनाभर."

"बायको महिनाभर भाएर?" तो गिऱ्हाइकाकडं वळला. "बोला, पॉपलीन दावू का टेरिकॉट?"

मी वहिनीला म्हणाले, चल. ती दोन पायऱ्या उतरली. दादा ठाण कापत होता, मान न उचलता म्हणाला, "ऐंशी, वर जा." ती वर गेली.

त्यानंतर मी तिला मठात गाठायचे, सोमवारी. पर्समधून गुळाची पोळी न्यायचे, ती खांबाआड उभी राहून खायची आणि ओठ पुसायची. गोळी बंद केली का विचारलं की म्हणायची, "देतेत. जिभंखाली धरते, मग थुकते." कधी जमायचं, कधी दादा पाणी पिईपर्यंत समोर उभा राहायचा. मी त्या मित्र-डॉक्टरकडंही गेले. तो म्हणाला, "साखर तर कंट्रोलमध्ये आहे ना? मग? घरगुती भांडणात मला ओढू नका."

थंडीत, एका दुपारी, मला त्या मित्र-डॉक्टरच्या दवाखान्यातून वहिनीसाठी बोलावणं आलं. आदल्या संध्याकाळी घरात कुणाचा तरी वाढदिवस होता, तिनं जिलबी खाल्ली होती आणि रात्री माप जास्त आलं होतं. म्हणून सकाळी एकाऐवजी दोन गोळ्या आणि जेवण बंद. ती पूजेला बसली. ती तिथंच कलंडली तेव्हा सूनबाईला वाटलं, झोप लागली. जेवणाच्या वेळेपर्यंत कुणी उठवलं नाही. दादा दुकान उघडायला खाली गेला. मी पोचले तेव्हा तिच्या शिरेतून ग्लुकोज चालू होतं, साखर वर आली होती, पण ती परत आली नाही. मेंदू फार वेळ उपाशी राहिला होता. काही दिवस ती श्वास घेत राहिली. मग तोही थांबला.

आमच्यात दहन नसतं, बसवून पुरतात. उचलताना एक भाऊबंद म्हणाला, "हलकी हाय लई." दादानं ऐकलं. बैठकीत लोक येऊन बसत होते आणि तो प्रत्येकाला तेच सांगत होता. त्याचे डोळे लाल होते, रडला होता, खोटं नाही. "शुगर लई होती हो. पण मी हयगय केली न्हाई. औषध हातानं दिलं. शेवटाला शहात्तर. ऐंशीच्या आत ठिवली मी तिला."

येणारे मान डोलवत होते. एक म्हातारा म्हणाला, "नशीबवान बाई. एवढी काळजी कोण घेतं." मी उठून उभी राहिले. मला मोठ्यानं बोलता येत नाही, कधीच आलं नाही. मी म्हणाले, "ती साखरेनं नाही गेली. भुकेनं गेली." दादानं माझ्याकडं पाहिलं आणि लोकांना हळूच म्हणाला, "धक्का बसलाय तिला. वहिनीनंच वाढवलंय." कुणीतरी मला हाताला धरून आत नेलं आणि चहा दिला. मित्र-डॉक्टरनं मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिलं होतं.

त्या घरी मी गेले नाही. दीडेक वर्षानं ओपीडीत रांगेत सूनबाई दिसली. एकटी होती. खुर्चीच्या कडेवर बसली.

"आत्याबाई, तिसरा महिना हाय."

"बरं झालं."

"मामाजींनी काल टेप काढली." ती टेबलाच्या कडेकडं बघत होती. "म्हणले, आतापासून ध्यान ठिवायला पायजे. सासूबाईंसारखं व्हायला नको म्हणले."

मी तिचं वजन घेतलं, उंची घेतली. टेप घेतली नाही. केसपेपरवर लिहिलं की पेशंट गरोदर आहे. कंबरेची ऐंशीची रेघ गरोदर स्त्रीला लागू होत नाही, कारण माप बाळामुळं वाढतं, चरबीमुळं नव्हे. बीएमआय धरायचा तर गरोदरपणाआधीच्या वजनावरून. या काळात वजन वाढायलाच हवं, आणि जेवण कमी करायचं नाही. साखरेची तपासणी लिहून दिली, ती मात्र लागते.

तिनं तो इंग्रजी कागद घेतला, वरपासून खालपर्यंत पाहिला. तिच्या ओठांचा रंग उडालेला होता.

"मराठीत द्या," ती म्हणाली. "आणि ते उघड्या अंगाचं काय लिहू नका. दुकानात वाचतेत ते."

त्यात ते नव्हतंच. होतं तेवढंच मी मराठीत लिहून दिलं. तिनं कागदाची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली, मग बाहेर काढून माझ्याकडं परत दिली. "न्हाई. तुमच्यापाशीच राहू द्या. सापडला तर माझ्यावरच यील."

ती गेली तेव्हा रांगेतला पुढचा माणूस आत येऊन बसला होता. बारीक होता, पुढं पोट होतं, आणि त्यानं आपणहून सदरा वर करून करदोड्यावर बोट ठेवलं.